काम सांगा, पण ‘जमलं तर’ न म्हणता

प्रश्न : ताई, मी अकाउंट्समध्ये आहे. ज्यांच्या शेजारी बसून इतकी वर्षं काम केलं, त्याच पाच जणांची मी यंदा टीम लीड झाले. पण त्यांना काम सांगायची वेळ आली की जीभ जड होते. “जमलं तर बघ ना” एवढंच म्हणते, आणि नाही झालं की उशिरापर्यंत थांबून स्वतःच उरकते. एका सहकारी मैत्रिणीनेही याच पदासाठी मुलाखत दिली होती. तिला साधा मेसेज करायचा तरी मी लिहिते आणि खोडते. परवा आमचे साहेब म्हणाले, “तू अजून जुनंच काम करतेयस.” खरंच आहे ते. पण सोडू कसं? माझं नाव छापू नका.

उत्तर : आधी एक हिशेब करा. गेल्या आठवड्यात तुम्ही स्वतः काय काय केलं ते एका कागदावर लिहून काढा, अगदी “अमक्याची शीट तपासली” इथपर्यंत. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न : हे टीममधलं दुसरं कोणी करू शकलं असतं का? काही गोष्टी फक्त तुमच्याच आहेत. रजा मंजूर करणं, कोणाकडे किती काम आहे ते बघणं, दुसऱ्या विभागाशी तारखांवरून भांडणं, कामाचं मूल्यमापन. त्या बाजूला ठेवा. उरलेल्या यादीत तुम्हाला सर्वांत छान जमणारं, हातखंडा असलेलं एक काम सापडेल. तेच आधी द्यायचं आहे.

हे वाचून पोटात गोळा आला असेल, पण कारण ऐका. नवे लीड बहुतेक वेळा उलटं करतात. मीटिंगची टिपणं, फायली लावणं, डेटा साफ करणं असली कंटाळवाणी कामं वाटून देतात आणि ज्यात डोकं लागतं, ज्यावर वरच्यांची नजर असते ते स्वतःकडे ठेवतात. बाहेरून आलेल्या मॅनेजरने असं केलं तर टीमला उमगायला वेळ लागतो. तुमच्या लोकांना मात्र एका दिवसात कळतं, कारण कुठलं काम चांगलं आणि कुठलं हमालीचं हे त्यांना तुमच्याइतकंच ठाऊक आहे. तुम्ही संकोचाने मागे धरलेलं काम त्यांना संकोच वाटत नाही. “हिला आमच्यावर भरवसा नाही” असं वाटतं.

तुम्ही अकाउंट्समध्ये आहात, म्हणून उदाहरण तिथलंच घेते. महिना संपला, बुक्स क्लोज झाली की बजेट आणि प्रत्यक्ष खर्च यांतल्या फरकांचा रिपोर्ट वर जातो. 10 टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल त्या प्रत्येक खात्यापुढे दोन ओळींचं कारण लिहायचं, असा नियम धरू. समजा हा रिपोर्ट आजवर तुम्ही करत होता आणि आता तो त्या मैत्रिणीकडे द्यायचा आहे. (तिच्याच नावाने उदाहरण घेतेय, कारण सर्वांत अवघड तेच आहे. तिला देता आलं तर बाकीच्या चौघांचं फारसं काही नाही.)

पण काम देण्याआधी तिच्याशी एक वेगळं बोलणं बाकी आहे, ते राहून गेलंय म्हणूनच मेसेज खोडले जातायत. ते कामाच्या बोलण्यात मिसळू नका. एकटीला भेटा आणि सरळ बोला : “आपण दोघींनी या पदासाठी मुलाखत दिली होती, ते न बोलता राहिलंय म्हणून आज बोलतेय. तुला वाईट वाटलं असेल तर ते स्वाभाविक आहे. आता कामं वाटणं माझ्याकडे आहे, म्हणून तुला पुढे कशात हात घालायचाय ते मला कळायला हवं. सगळं देता येईलच असं नाही, पण माहीत नसेल तर काहीच देता येणार नाही.” एवढंच. “खरं तर हे तुलाच मिळायला हवं होतं” असं चुकूनही म्हणू नका. तिला ते खोटं वाटेल आणि खरं वाटलं तर आणखी वाईट. “आपल्यात काही बदललेलं नाही” हेही नको. बदललंय, तिच्या रजेच्या अर्जावर आता तुमची सही लागते. आणि पुढच्या बढतीचं आश्वासन देऊ नका, ते तुमच्या हातात नाही. ती त्या दिवशी गप्प बसली, कोरडं “ठीक आहे” म्हणाली, तरी चालेल. तिने तुमची मैत्रीण राहायलाच हवं असा आग्रह धरू नका. काम वेळेवर आणि नीट होतंय ना, सध्या तेवढं बघा.

मग दोन-चार दिवसांनी काम. चॅटवर नाही, समोरासमोर, वीसेक मिनिटं काढून. आता “जमलं तर” नाही. त्या वाक्यात तारीख नसते, काम कुठे संपतं तेही नसतं. समोरचा ते मोकळ्या मनाने विसरू शकतो आणि तुम्ही मनातल्या मनात त्याच्यावर रुसू शकता. दोघांच्याही हाती काही लागत नाही.

त्याऐवजी असं काहीसं : “या महिन्यापासून खर्चाच्या फरकाचा रिपोर्ट तुझ्याकडे. सहाव्या कामाच्या दिवशी दुपारी तीनपर्यंत तो साहेबांकडे जायला हवा. ते त्यावरून पुढच्या महिन्याचा खर्च कुठे रोखायचा ते ठरवतात, म्हणून कारण महत्त्वाचं, मांडणी नाही. कुठल्या विभागाला काय विचारायचं, कारण कसं लिहायचं, हे सगळं तू ठरव, मला विचारू नकोस. फक्त मागच्या महिन्याची एखादी एंट्री बदलावी लागणार असेल तर आधी मला सांग. पहिले दोन महिने रिपोर्ट जाण्याआधी मी एकदा बघेन, तिसऱ्यापासून थेट तुझ्याकडून जाईल. चौथ्या दिवशी जेवढं झालं असेल तेवढं घेऊन अर्धा तास बसू.”

यात “प्लीज” घाला, नका घालू, तुमच्या बोलण्याच्या सवयीप्रमाणे. काय हवं, कधी हवं, कशासाठी हवं, कुठपर्यंत तिचा अधिकार आणि कुठे तुमच्याकडे यायचं, हे मात्र गाळू नका. अधिकाराचं वाक्य नवे लीड हमखास विसरतात. मग ती व्यक्ती दर तासाला विचारायला येते आणि लीडला वाटतं हिला जमत नाही. किंवा ती न विचारता मागच्या महिन्याची एंट्री बदलते आणि लीड हादरते. दोन्ही वेळा दोष तिचा नसतो, कुंपण कुठे आहे ते तिला कोणी दाखवलेलंच नसतं.

शेवटी “समजलं ना?” विचारू नका. जुनी सहकारी “नाही समजलं” म्हणणार नाही, तुमच्यासमोर तर नाहीच. “सुरुवात कुठून करशील?” असं विचारा. तिच्या उत्तरातून तुम्हाला कळेल काय पोचलं आणि काय नाही.

त्याच दिवशी सगळ्या विभागांना मेल करा : “खर्चाच्या फरकाचा रिपोर्ट आता अमुक बघतात, माहिती त्यांना द्यावी.” मग दोन दिवसांनी एखाद्या विभागाचे प्रमुख सवयीने तुम्हालाच फोन करतील, “तो वाहतुकीचा आकडा विचारला होतात ना…” उत्तर तुम्हाला तोंडपाठ आहे, वीस सेकंदांत सांगून मोकळ्या व्हाल. सांगू नका. “ते आता ती बघतेय, फोन जोडून देते” म्हणा आणि खरंच जोडून द्या. मी बघितलेली बहुतेक सोपवलेली कामं अशा वीस सेकंदांच्या फोनवरच परत लीडच्या टेबलावर आली आहेत.

आता चौथा दिवस. ती अर्धा झालेला रिपोर्ट घेऊन येते. वाहतुकीच्या खात्यात बजेट 100 आहे असं धरा आणि प्रत्यक्ष खर्च 190. पुढे तिने लिहिलंय : “वाहतुकीचा वापर वाढल्यामुळे खर्च वाढला.” तुमच्या अनुभवी डोळ्याला लगेच दिसतं की हे कारण नव्हे, आकडाच शब्दांत लिहिलाय. मागच्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवला की कळतं, तेव्हा खर्च फक्त 15 दिसला होता. म्हणजे मागच्या महिन्याचं 85 चं बिल उशिरा आलं, त्याची प्रोव्हिजन झाली नाही, म्हणजे बिल यायच्या आधीच तो खर्च धरून ठेवला नाही, आणि ते या महिन्यात चढलं. ते बाजूला काढलं तर या महिन्याचा खरा खर्च 105. फरक 90 चा नाही, 5 चा आहे. तिचं वाक्य तसंच वर गेलं असतं तर साहेबांनी गाड्या कमी करायला सांगितलं असतं.

या क्षणी तुमचा हात माऊसकडे जाईल. तिथे थांबा. तुम्ही ते वाक्य दुरुस्त केलंत तर रिपोर्ट सुधारेल, पण पुढच्या महिन्यात ती वाक्य अर्धवटच लिहील, कारण शेवटी ते तुम्हीच लिहिणार हे तिला कळलेलं असेल. एवढंच म्हणा : “हे वाचून साहेब गाड्या कमी करतील. मागच्या महिन्याचा आकडा शेजारी ठेवून बघ बरं.” आणि तिला बघू द्या. पाच मिनिटं शांतता होईल, होऊ दे. खरं कारण तिचं तिला सापडलं की पुढच्या महिन्यापासून प्रत्येक खात्यात ती मागचा महिना आपणहून बघेल. चौथा दिवस ठेवायचा तो यासाठीच : चूक परत द्यायला अजून दोन दिवस हातात असतात. सहाव्या दिवशी अडीच वाजता पहिल्यांदा बघितलंत तर परत द्यायला वेळच नसतो आणि मग नाइलाजाने तुम्हीच करता.

त्या अर्ध्या तासात बघायच्या गोष्टी थोड्याच. एकूण आकडे लेजरशी जुळतात का, लिहिलेलं कारण खरोखर कारण आहे का, आणि हा खर्च पुढच्या महिन्यातही राहणार की नाही ते त्यात आलंय का. बाकी तिने खाती वेगळ्या क्रमाने लावली, तुमचे लाडके रंग काढून टाकले, दोन ओळींच्या जागी तीन लिहिल्या, त्याबद्दल तोंड बंद. एखादी गोष्ट चूक आहे की फक्त “मी असं केलं नसतं” आहे, हे कळत नसेल तर विचारा : यामुळे रिपोर्ट वाचणाऱ्याचा निर्णय बदलेल का? नसेल तर राहू द्या. काही वेळा तिची पद्धत तुमच्यापेक्षा बरी निघेल. तेही पचवावं लागतं, आणि ते मोठ्याने म्हणताही यायला हवं.

काम परत घ्यायची वेळ कधीच येत नाही असं नाही. चुकीचं पेमेंट बाहेर जाणार असेल, पाळायलाच हवी अशी तारीख दोन तासांवर असेल, तर घ्या. पण गुपचूप नको. तिला शेजारी बसवा आणि सांगा : “आजचा मी पाठवते, पुढचा तुझाच.” रात्री सगळे गेल्यावर शीट उघडून दुरुस्त करायची आणि सकाळी काहीच न बोलायचं, हे सर्वांत वाईट. शीटमध्ये कोणी कधी बदल केला ते दिसतं, आणि तिला ते दिसतंच.

आता उलट दिशेने येणारं काम. “हे जरा बघतेस का, अडलंय” म्हणत जुना सहकारी लॅपटॉप घेऊन तुमच्या टेबलाशी येतो. काल-परवापर्यंत तुम्ही एकमेकांचं असंच बघत होता, म्हणून नाही म्हणणं शिष्टपणाचं वाटतं. “ठेव, बघते” म्हटलंत की काम तुमचं झालं आणि तो चहाला गेला. त्याऐवजी “बस, तू काय करून बघितलंस ते सांग” म्हणा. निम्म्या वेळा सांगता सांगताच त्याचं सुटतं. कधी मात्र तो खरंच अशा जागी अडलेला असतो जी फक्त तुम्हीच उघडू शकता, म्हणजे दुसरा विभाग दोन मेल करूनही आकडे देत नाही. मग तेवढाच तुकडा उचला : “आकडे मिळवून देणं माझ्याकडे, उद्या दुपारपर्यंत. रिपोर्ट तुझाच.” आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आकडे द्या. तुम्ही तारीख पाळली नाहीत तर त्याने पाळावी अशी अपेक्षा कुठल्या तोंडाने धरणार?

कोणी नाहीच म्हटलं तर? समजा भर मीटिंगमध्ये “मला जमणार नाही” असं उत्तर आलं. तिथे वाद घालू नका, “आपण यावर नंतर बोलू” म्हणा आणि त्याच दिवशी एकट्याशी बोला, दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. तीन शक्यता असतात आणि बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात : हातात काम फार आहे, हे काम येत नाही, किंवा करायचंच नाही. पहिलीपासून सुरुवात करा. “आत्ता तुझ्याकडे काय काय आहे ते दाखव.” खरंच ओझं असेल तर काहीतरी काढून घ्या किंवा कुठलं काम मागे पडलं तरी चालेल ते सांगा; नुसतं “मॅनेज कर” म्हणणं म्हणजे अंग काढून घेणं. येत नसेल तर एक महिना सोबत करून दाखवा. माणूस जुना असेल तर “येत नाही” हे तो तुमच्याजवळ कबूल करणार नाही, तुम्हालाच हेरावं लागेल. एखादं काम सतत टाळतो आणि बाकीची वेळेत करतो, असं दिसलं की समजायचं. आणि करायचंच नसेल तर मोघम बोलू नका. “तुझं सहकार्य नसतं” याला तो पन्नास उत्तरं देईल. “गेल्या दोन महिन्यांत हा रिपोर्ट आठव्या दिवशी आला, ठरलं होतं सहाव्या दिवशी; काय झालं?” याला एकच उत्तर असतं. त्यानंतरही फरक पडला नाही तर साहेबांकडे जा, पण जाणार आहात हे त्याला आधी सांगून जा. मागून गेलात हे कळलं तर बाकीचेही सावध होतील.

मैत्रीचं थोडक्यात. जवळच्या माणसाला हलकी कामं देऊ नका हे तुम्हाला माहीतच आहे. पण निःपक्षपाती दिसावं म्हणून त्याच्याच माथी सगळ्यात जड काम मारायचं, हेही बरेच जण करतात, आणि तो अन्यायच असतो. कोणाकडे काय आहे ते सगळ्यांना दिसेल अशी एक शीट ठेवा, अर्धी कुजबुज तिथेच संपते. आणि ऑफिसमधल्यांची उणीदुणी काढायचा जो जुना चॅट ग्रुप असेल, त्यातून बाहेर पडा. “आता मी इथे असणं तुम्हालाच अडचणीचं” एवढं सांगून. त्यांना लीडच्या नावाने बोटं मोडायला जागा हवी, आणि तुम्ही तिथे नसलात तरच ती मिळेल.

राहिले तुमचे साहेब. त्यांचं वाक्य बरोबर आहे, पण अर्धं आहे. त्यांच्याकडे जाऊन दोन गोष्टी मागा. पहिली, तुमच्या जुन्या कामातलं नेमकं काय आता तुमच्या नावावर नाही ते त्यांच्या तोंडून, शक्यतो मेलवर. लीड झाल्यावरही जुन्या कामाचा वाटा तसाच अंगावर ठेवायची पद्धत अनेक ठिकाणी असते. तुमचं तसं असेल तर वर सांगितलेलं सगळं नीट केलंत तरी संध्याकाळ मोकळी होणार नाही, कारण तेव्हा अडचण काम सोपवण्याची नसते, कामाच्या मापाची असते. दुसरी, त्यांना आधीच कल्पना द्या : “हा रिपोर्ट आता ती करतेय. पहिल्या महिन्यात एखादी शंका राहील, ती तिलाच विचारा.” हे आधी सांगितलं नाहीत तर पहिली शंका येताच ते तुम्हाला बोलावतील, तुम्ही घाबरून काम परत ओढाल आणि तिला मिळालेला अधिकार महिनाभरही टिकणार नाही.

सुरुवातीला वेळ वाचणार नाही, उलट जास्त जाईल. जो रिपोर्ट तुम्ही तीन तासांत करत होता त्यात पहिल्या महिन्यात तिचे सहा तास जातील आणि वर तुमचा एक. दुसऱ्या महिन्यात उतरायला लागतं. चाललंय की नाही हे ओळखायची एक खूण सांगते : विभागांचे फोन तुमच्याकडे यायचे बंद होतात, आणि ती कधीतरी येऊन म्हणते, “ही 10 टक्क्यांची मर्यादा छोट्या खात्यांना लावण्यात अर्थ नाही, आपण बदलू या.” म्हणजे काम तिने आपलं मानलंय. तिचं म्हणणं पटलं तर बदला. नाही पटलं तर का नाही ते सांगा.

आणि तीन महिने असं सगळं करूनही आकडे लेजरशी जुळत नसतील, कारणं तशीच पोकळ येत असतील, तर ते काम तिच्याकडून काढा आणि दुसऱ्या कोणाला द्या. स्वतःकडे मात्र घेऊ नका. काढताना तिला कारण त्या तीन रिपोर्टांतल्या ओळी दाखवून सांगा, आणि तिला जमेल असं दुसरं पूर्ण काम त्याच बैठकीत द्या.